‘बाबा प्रेमळ होते’ म्हणजे नेमकं कधी?

‘माझ्याच नशिबी अशी माणसं का येतात?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा समोरच्या माणसाबद्दल बोलायचं असतं. तो फोन उचलत नाही, मनातलं सांगत नाही, लग्नाचा विषय काढला की गप्प होतो. दोन महिने जीव लावतो आणि मग चार आठवडे त्याचा पत्ता नसतो. तक्रार खरी असते. पण एका माणसाबद्दलची तक्रार आणि आपल्या हातून पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट यांत फरक आहे. ती दुसरी गोष्ट पाहायची, तर नजर समोरच्यावरून काढून स्वतःच्या वागण्यावर आणावी लागते, आणि तेही एका ठरावीक क्षणी: तो माणूस मागे सरतो तेव्हा.

एक उदाहरण घेऊ. ही एका व्यक्तीची हकिगत नाही; या विषयात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते तयार केलं आहे. पुण्यात नोकरी करणारी 34 वर्षांची एक बाई. तिची तीन नाती मोडली. पहिला कॉलेजमधला सीनियर, नाटकात रमलेला, मनात येईल तेव्हा उगवणारा. दुसरा ऑफिसातला, नुकताच घटस्फोट झालेला, ‘मला आत्ता काहीच ठरवायचं नाहीये’ असं पहिल्याच महिन्यात सांगून मोकळा झालेला. तिसरा विवाहमंडळातून आलेलं स्थळ, बेंगळुरूला असणारा, कायम कामात बुडालेला. ती स्वतः सांगताना म्हणते की या तिघांत काहीही साम्य नाही. एक कलंदर होता, एक दुखावलेला होता आणि एकाला वेळ नव्हता.

माणसांची तुलना केली तर तिचं म्हणणं बरोबरच आहे. आता एका कागदावर प्रत्येक नात्यातला तो क्षण लिहू या. त्याचे फोन कमी झाले, तेव्हा तिने काय केलं? पहिल्या वेळी तिने त्याच्या नाटकाच्या प्रॅक्टिसला डबे नेले. दुसऱ्या वेळी त्याच्या घराच्या कर्जाची कागदपत्रं लावून दिली, त्याच्या आईला डॉक्टरकडे नेलं. तिसऱ्या वेळी मेसेज करणं कमी केलं आणि केला तर शेवटी न चुकता लिहिलं, ‘घाई नाही, सवडीने उत्तर दे.’ तिन्ही वेळा ती रागावली नाही, काही मागितलं नाही, आणि आधीपेक्षा जास्त उपयोगी पडायला लागली. साम्य इथे सापडतं.

कागदावर आणखी एक नोंद हवी, ती नाकारलेल्या माणसांची. मधल्या काळात तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा सांगितलेल्या वेळी फोन करायचा, भेटल्यावर तिचं ऐकून घ्यायचा. दोन भेटींनंतर तिने घरी कळवलं, ‘चांगला आहे, पण काही वाटलंच नाही.’ ज्याच्याबद्दल ‘काही वाटलं नाही’ आणि ज्याच्याबद्दल ‘भेटताक्षणी जाणवलं’, ती दोन्ही माणसं शेजारी ठेवली की बरंच उमगतं. भेटताक्षणी जे जाणवलं त्यात पुष्कळदा धाकधूकही मिसळलेली असते. हा परत येईल का, याची खात्री नसते आणि जीव टांगणीला लागतो. या टांगणीला चिकटून राहण्यामागे एक जुनं, प्रयोगांत सिद्ध झालेलं कारण आहे. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या प्रकारच्या प्रयोगांतून दिसलं की बटणावर चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे थांबल्यावर पक्षी लवकर नाद सोडतो. दाणा कधी मिळत असेल आणि कधी नाही, तर दाणे बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ चोच मारत राहतो. अधूनमधून मिळणारं प्रेम सोडणं सर्वांत अवघड जातं, ते त्यामुळेच.

हे झालं चिकटून राहण्याचं कारण. मुळात तिकडेच ओढ का वाटावी, हे शोधायला मात्र घरात जावं लागतं.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं असं, की लहान मूल आपल्या माणसांच्या वागण्यावरून मनात एक आराखडा तयार करतं: मी रडलो तर कोणी येईल का, आणि जवळ यावं म्हणून मी कसं वागायला हवं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये साधारण वर्षाच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची. काही बाळं रडली आणि आई आल्यावर तिला बिलगून शांत झाली. काहींनी आई गेली काय आणि आली काय, खेळण्यावरून मानच वर केली नाही. ही बाळं फार शहाणी, स्वावलंबी वाटतात. पण पुढच्या संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा आतली धडधड वाढलेलीच निघाली. जवळ गेलं की झिडकारलं जातं असा अनुभव आला, तर न मागता आसपास राहणं हाच जवळ राहण्याचा मार्ग, हे मूल बोलायला लागण्याआधीच शिकतं.

मोठेपणी हे शोधायची एक पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. मेरी मेन या एन्सवर्थ यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात बर्कलीमध्ये प्रौढांसाठी एक मुलाखत तयार केली. ती साधारण तासभर चालते. तिच्यात सांगतात, की लहानपणच्या तुमच्या आणि आईच्या नात्याला पाच विशेषणं द्या. मग एकेक विशेषण घेऊन विचारतात, की असं वाटायला लावणारी एखादी घटना सांगा. वडिलांबद्दलही तेच. बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यावर निष्कर्ष अवलंबून नसतो. विशेषण आणि घटना यांचा मेळ बसतो का, हे पाहतात. लंडनमध्ये गरोदर बायकांच्या अशा मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ वर्षाचं झाल्यावर ते आईशी कसं वागेल, याचा अंदाज बाळ जन्मण्याआधीच घेतलेल्या मुलाखतीवरून चारपैकी सुमारे तीन वेळा बरोबर आला. ही मुलाखत तपासायला खास प्रशिक्षण लागतं, आणि मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचण्या तिची जागा घेऊ शकत नाहीत. पण तिच्यातला मुख्य प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो.

आपल्या उदाहरणातल्या बाईने वडिलांसाठी पाच शब्द लिहिले: प्रेमळ, शांत, कष्टाळू, हुशार, आधार देणारे. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते आणि शनिवारी घरी यायचे. ‘कष्टाळू’ म्हटल्यावर तीन प्रसंग पटापट आठवले. ‘प्रेमळ’ला तिने लिहिलं, ‘मला सायकल आणली.’ सायकल शिकवली कोणी? काकांनी. ‘शांत’ला एक तापाची रात्र आठवली. ती पाचवीत होती, अंगावर दोन गोधड्या होत्या. बाबा गावाहून आले, चपला काढल्या, खोलीच्या दारात उभे राहिले आणि तिच्याकडे पाहत आईला म्हणाले, ‘ताप उतरला का हिचा?’ आई म्हणाली, ‘उतरतोय. तुम्ही हातपाय धुवा.’ मग ते गेले. आजवर ही आठवण ती ‘बाबांना किती काळजी होती’ म्हणून सांगत आली होती. लिहिताना पहिल्यांदा ध्यानात आलं, की ते आत आले नाहीत. आणि तिनेही हाक मारली नाही, कारण आईने सांगून ठेवलं होतं, ‘बाबा दमून येतात, त्यांना त्रास द्यायचा नाही.’ ‘आधार’ या शब्दापुढची जागा कोरीच राहिली. त्याऐवजी आठवलं ते दर रविवारी सकाळी त्यांचा पेपर घडी घालून, चष्म्यासकट खुर्चीवर ठेवणं. कधीतरी त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तर तो आठवडा फार छान जायचा.

डबे, कर्जाची कागदपत्रं आणि ‘सवडीने उत्तर दे’ हे सगळं कुठून आलं, ते आता वेगळं सांगायला नको. इथे वडील दुष्ट ठरत नाहीत. ते स्वतः कोणाच्या घरात वाढले, त्यांना कोणी जवळ घेतलं का, हे विचारलं तर पुष्कळदा तीच रीत एक पिढी मागे सापडते. मुलीच्या खोलीत शिरून कपाळावर हात ठेवायचा असतो, हे त्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण त्यांची बाजू समजून घ्यायच्या घाईत आपली आठवण पुसू नये. ‘त्यांचा तरी काय दोष’ हे वाक्य फार लवकर आलं, तर ते त्या मुलीला पुन्हा एकदा ‘त्रास देऊ नकोस’ एवढंच सांगतं.

या शोधाला मर्यादा आहेत. दोन अनुभवांवरून साचा ठरत नाही. तो योगायोगही असू शकतो. ज्यांना जवळीक नको असते त्यांची नाती लवकर मोडतात आणि ती माणसं वारंवार मोकळी भेटतात, हाही हिशेब धरायला हवा. आठवण म्हणजे तर छायाचित्र नव्हेच. अमेरिकेतल्या मिनेसोटात काही मुलांचा जन्मापासून मोठे होईपर्यंत अभ्यास झाला. त्यावर आधारलेल्या 2002 मधल्या एका शोधनिबंधात असं दिसलं, की ज्यांनी ‘माझं बालपण कठीण होतं, पण मी सावरलो’ असं सांगितलं, त्यांच्या बालपणीच्या नोंदींत आयांचं वागणं तितकं वाईट नव्हतं. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. ज्यांचं आईशी असलेलं नातं बाळपणी खरोखर असुरक्षित होतं, पण मोठेपणी ज्यांचा मेळ बसला, त्यांची प्रेमाची नाती सुरुवातीपासून सुरक्षित असलेल्यांच्या तोडीची निघाली. आणि मारहाण, धमक्या किंवा व्यसन असेल, तर आधी सुरक्षित जागी जायचं; बालपणाचा शोध नंतर. आठवणी लिहिताना झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर एकट्याने पुढे जाऊ नये. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

साचा कळला म्हणून ओढ थांबत नाही. बदलता येतं ते त्या एका क्षणातलं वागणं. फोन कमी झाले की या बाईचा हात डबा भरायला जातो. तिथे थांबून तिला एक छोटी, स्पष्ट गोष्ट मागता येते: ‘शनिवारी भेटायचं असेल तर गुरुवारपर्यंत सांग.’ मागताना छातीत धडधडतं, आपण फार त्रास देतोय असं वाटतं. ते वाटणं पाचवीतल्या मुलीचं आहे, हे तिला आता ओळखू येतं. उत्तर काय येतं, त्यापेक्षा ते येतं का आणि किती वेळा येतं, हे पाहायचं. ज्याच्याबद्दल ‘काही वाटलं नाही’, त्याला दोनऐवजी पाच-सहा वेळा भेटून पाहायचं, कारण टांगणी नसलेली जवळीक ओळखीची व्हायला वेळ लागतो. तरीही मन बसलं नाही, तर नकार द्यायला ती मोकळी आहे. तिसऱ्या नात्यात आपण एकट्याच धावतोय हे कळायला तिला दोन वर्षं लागली होती. चौथ्या वेळी गुरुवार तीनदा उत्तराशिवाय गेला, आणि तिने तिथेच विषय संपवला.