लॉजच्या साफसफाईचं काम घेताना : किती खोल्या, किती तास, किती बाया?



नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपास आणि लातूरला शिकवण्यांच्या भागात पुष्कळ लॉज आहेत. तिथल्या खोल्या झाडण्या-पुसण्याचं काम बचत गटानं घ्यायचं म्हटलं, की मालक पहिलंच वाक्य टाकतो, "आमचं लॉज ऐंशी टक्के भरलेलं असतं, दोन बाया पुरे." हे वाक्य खरं का खोटं, हे कसं ताडून बघायचं ते आज आपण पाहू. कारण हिशोब चुकला तर मालकाचं काही जात नाही. आपल्याच दोन बाया तीन बायांचं काम करतात, तेही दोघींच्या मजुरीत.

पहिली गोष्ट अशी, की किती टक्के लॉज भरलं यावरून काम कळत नाही. काल रात्री भरलेल्या खोल्यांमधल्या आज किती सुटणार आणि किती जणांचा मुक्काम पुढे चालू राहणार, यावर काम ठरतं. पाहुणे निघून गेले की चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं बदलावं लागतं, बाथरूम घासावं लागतं, पलंगाखालचा केर काढावा लागतो. मुक्काम चालू असलेल्या खोलीत मात्र केर, फरशी, बाथरूमवर एक हात आणि पलंग नीट करणं, एवढंच. म्हणजे सुटलेल्या खोलीला मुक्कामाच्या खोलीपेक्षा साधारण दुप्पट वेळ जातो.

इथंच नांदेड आणि लातूरचा फरक पडतो. नांदेडला यात्रेकरू जथ्यानं येतात आणि जथ्यानंच जातात. अमृतसरकडे जाणारी सचखंड एक्सप्रेस सकाळी निघते, त्यामुळे एकाच सकाळी दहा-वीस खोल्या रिकाम्या होऊ शकतात. लातूरला मुलांच्या परीक्षेसाठी किंवा शिकवणीच्या प्रवेशासाठी आईवडील आले, की तीन-चार दिवस तीच खोली धरून राहतात. दोन्हीकडे लॉज तेवढंच भरलेलं, पण काम वेगळं.

आता मिनिटं कशी ठरवायची? ती मालकानं सांगितलेली धरू नका, आपण मोजा. गटातल्या तिघींनी प्रत्येकी पाच-पाच खोल्या कराव्यात. दार उघडल्यापासून ओढून घेईपर्यंतची वेळ लिहावी आणि तिघींची सरासरी काढावी. सगळ्यात चपळ बाईची वेळ धरली, तर बाकीच्या रोज मागे पडतात. दोन पलंगांची खोली आणि चार पलंगांची फॅमिली रूम वेगवेगळी मोजावी. आणि एक लक्षात ठेवा, उन्हाळ्यात मिनिटं वाढतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. वरच्या मजल्यावर नळाला पाणी नसेल आणि बादलीनं चढवावं लागत असेल, तर त्या दिवसांत मोजणी पुन्हा करावी.

आता एक हिशोब मांडून बघू. समजा, लॉज ३० खोल्यांचं आहे. २० खोल्या दोन पलंगांच्या, १० फॅमिली रूम. आपण मोजलेली मिनिटं अशी : सुटलेली साधी खोली ३०, सुटलेली फॅमिली रूम ४५. मुक्कामाची साधी खोली १५, मुक्कामाची फॅमिली रूम २०. रात्री कोणीच न उतरलेल्या खोलीत नुसती धूळ झटकायला ५. जिना, व्हरांडा आणि पुढची बैठक यांना रोजची १२० मिनिटं, लॉज भरो वा न भरो.

काल रात्री १६ साध्या आणि ८ फॅमिली, अशा २४ खोल्या भरल्या होत्या. म्हणजे मालक म्हणतो तसे ऐंशी टक्के.

पहिला दिवस लातूरसारखा धरू. ४ साध्या आणि २ फॅमिली सुटल्या, बाकीचे मुक्कामाला. सुटलेल्यांची १२० आणि ९० मिनिटं, मुक्कामाच्यांची १८० आणि १२०. सहा रिकाम्या खोल्यांची ३०, जिना-व्हरांड्याची १२०. एकूण ६६० मिनिटं, म्हणजे ११ तास.

दुसरा दिवस नांदेडसारखा. खोल्या तेवढ्याच २४, पण १४ साध्या आणि ७ फॅमिली सुटल्या. त्यांची ४२० आणि ३१५ मिनिटं. मुक्कामाच्या तीन खोल्यांची ५०. रिकाम्या आणि जिना-व्हरांड्याची मिळून १५०. एकूण ९३५ मिनिटं, म्हणजे १५ तास ३५ मिनिटं. तेच ऐंशी टक्के, पण काम साडेचार तासांनी जास्त.

आता बाया किती? मालक म्हणेल, दोन बाया आठ-आठ तास, म्हणजे १६ तास. साडेपंधरा तासांचं काम त्यात बसलं की! फसायची जागा हीच. आठ तासांतले आठही तास खोलीत जात नाहीत. जेवणाला अर्धा तास, चहाला १५ मिनिटं जातात. बादल्या-फिनाईल भरणं, मळकी कापडं मोजून देणं, धुतलेली मोजून घेणं, वहीत लिहिणं, याला पाऊण तास जातो. ४८० मिनिटांतून ९० वजा केली, की हातात ३९० उरतात, म्हणजे साडेसहा तास.

६६० ला ३९० नं भागलं तर पावणेदोनच्या आत येतं. पहिल्या दिवशी दोघी पुरतात. दुसऱ्या दिवशी दोघींचे ७८० मिनिटं वजा जाता १५५ मिनिटांचं काम उरतं. त्याला तिसरी बाई अर्धा दिवस लागतेच.

ही तिसरी बाई दुपारी बोलावून उपयोग नाही. खोल्या सकाळी ९ ला सुटल्या आणि नवा जथा दुपारी १ ला येणार असेल, तर सुटलेल्या २१ खोल्यांची ७३५ मिनिटं त्या चार तासांतच बसवायची आहेत. चहाची सुट्टी सोडून एकीच्या हाती २२५ मिनिटं, तिघींच्या मिळून ६७५. तरीही एक तास कमी पडतोच. तेव्हा कोणत्या दोन खोल्या दोननंतर मिळतील, हे काउंटरवर सकाळीच सांगून टाकावं. मुक्कामाच्या खोल्या आणि जिना दुपारसाठी ठेवावेत.

यासाठी रोज संध्याकाळी काउंटरवरून दोनच आकडे मागून घ्यायचे : उद्या कोणत्या खोल्या सुटणार आणि कोणत्या राहणार. ऐन वेळी कोणी मुक्काम वाढवतो, कोणी खोली उघडूच देत नाही, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. पण बाया रोज जेवण टाळून काम करताहेत, पलंग छान दिसतात पण बाथरूमच्या कोपऱ्यात शेवाळ धरलंय, कापडाची मोजणी जुळत नाही, असं दिसलं तर समजावं, की तास कमी धरले आहेत. तेव्हा आठवड्याची वही उघडून मिनिटं पुन्हा मोजावीत.

आणि करार करताना "महिन्याला दोन बाया" असं लिहून देऊ नका. सुटलेली आणि मुक्कामाची, साधी आणि फॅमिली, अशा चारही खोल्यांची मिनिटं करारात लिहून घ्या. ९३५ मिनिटांच्या दिवशी तिसऱ्या बाईची अर्धी मजुरी कोण देणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या.