कानातलं यंत्र दुपारीच का बंद पडतं?

मागच्या महिन्यात एक आजोबा आले. म्हणाले, “उजवं यंत्र दुपारी एकलाच बंद पडतं. डावं मात्र रात्रीपर्यंत चालतं. बॅटरी बदलून द्या.”

आता बघा, एकच यंत्र लवकर संपतंय. तेव्हा बॅटरीला दोष देण्याआधी ते रात्री पूर्ण चार्ज होतंय का, हे पाहायला हवं. त्यांच्या डबीच्या खाचा दोन्हीकडे सारख्या होत्या, म्हणून मी एका रात्रीपुरती यंत्रांची अदलाबदल करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी डावं यंत्र दुपारी संपलं, उजवं टिकलं! म्हणजे दोष यंत्रात नाही, डबीच्या उजव्या खाचेत. उलट उजवंच पुन्हा संपलं असतं, तर त्याचे स्वतःचे कॉन्टॅक्ट किंवा बॅटरी तपासावी लागली असती.

खाचेतल्या धातूच्या ठिपक्यांवर खोबरेल तेल आणि कानातल्या मळाचा थर होता. डबीची वायर काढून आम्ही कोरड्या कापसाच्या काडीने ते पुसले. यंत्राचे ठिपकेही पुसले. पाणी नको, आणि पॉलिश पेपर तर नकोच, त्याने वरचा मुलामाच जातो. मग यंत्र नीट बसवून दिवा लागतो का, झाकण लावताना यंत्र उचललं जात नाही ना, एवढं पाहिलं.

दोन्ही यंत्रं एकदम लवकर संपत असतील, तर आधी डबीची वायर आणि प्लग बघा. काही डब्यांत स्वतःची बॅटरी असते. तीच रिकामी असली तर चार्जिंग अर्धवट राहतं.

दिवा रात्रभर नीट लागूनही यंत्र अर्धाच दिवस चालत असेल, आणि ते चार-पाच वर्षांचं असेल, तर मात्र बॅटरी थकली असं समजा.