१ म्हणजे एक की नऊ?

द्विभाषिक सूचना लिहायला घेतली की कुणीतरी हमखास म्हणतं, "देवनागरी अंक संविधानानंच बाद केलेत." मग पुढचा सांगतो, कलम ३४३. हे कलम उघडून वाचणारा मात्र क्वचितच भेटतो.

कलम ३४३ संघराज्याच्या कामकाजापुरतं आहे. केंद्राची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी, आणि अंकांचं रूप भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप, म्हणजे 1, 2, 3. त्यातही देवनागरी अंकांचा जादा वापर अधिकृत करायची वाट त्याच कलमात ठेवली आहे. राज्याच्या राजभाषेचं कलम वेगळं, ३४५. तुमच्या सोसायटीच्या फळ्याशी या दोन्हींचा काडीचा संबंध नाही. आणि हो, त्या अंकांना 'इंग्रजी' म्हणणाऱ्यांनी संविधानाचे शब्द पुन्हा वाचावेत: भारतीय अंक.

तेव्हा प्रश्न कायद्याचा नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे. आमच्या सोसायटीत टाकी धुण्याची सूचना लागली. वर मराठी, खाली इंग्रजी, आणि जागा वाचवायला वेळ व प्लंबरचा फोन मध्ये एकदाच, देवनागरी अंकांत. 'पाणी ४ वाजता येईल' यातला ४ तमिळ भाडेकरूंना 8 वाटला. फोनमधला प्रत्येक १ त्यांनी 9 समजून लावला. चुकीची वेळ निदान संध्याकाळी उघडी पडते. चुकीचा नंबर लागतो आणि पलीकडे कुणी भलताच बोलतो.

ती सूचना अशी हवी होती: मराठी भागात '१४ तारखेला दुपारी ४ वाजता', इंग्रजी भागात तेच 14 आणि 4, आणि फोन दोन्हीकडे 0 ते 9 मध्ये. जो आकडा नुसता वाचायचा, तो आपापल्या लिपीत. जो टाइप करायचा किंवा कशाशी ताडून पाहायचा, तो मुळात असेल तसाच: फोन, खातं, ओटीपी, दारावरचा फ्लॅट नंबर. राज्य सरकारचे बरेच शासन निर्णय असेच असतात. तारीख देवनागरीत, पण संकेतस्थळावर शोधायचा लांबलचक संकेतांक आंतरराष्ट्रीय अंकांत. एकाच आकड्यात दोन्ही रूपं मात्र नकोत. '१4' हा चौदा कुणाच्याच कामाचा नाही.

अशी आणखीही काही वाक्यं कानावर पडतात. "संगणकाला देवनागरी अंक कळत नाहीत." युनिकोडमध्ये त्यांना U+0966 ते U+096F अशा स्वतंत्र जागा आहेत. पण प्रत्येक प्रोग्राम त्यांना संख्या मानतोच असं नाही. जावास्क्रिप्टमध्ये हे करून पाहा:

```
Number("12")  // 12
Number("१२")  // NaN
```

म्हणून ऑनलाइन अर्जात देवनागरी अंक कधीकधी नाकारले जातात.

"अंक बदलले की स्वल्पविरामही बदलतात." नाही. १,२५,००० आणि 1,25,000 दोन्ही सव्वा लाखच.

"गाडीची पाटी मराठीत चालते." तिथे मात्र नियम खरोखरच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अक्षरं इंग्रजी आणि अंक 0 ते 9 हेच लागतात. आकड्यांचा 'दादा' करून मिरवलंत तर दंड भरा.