सोमवारच्या आत कळवायचं होतं

माझी पुतणी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअर आहे. तिला चाकणच्या एका कारखान्यातून ऑफर आली. तो कारखाना बाहेरून कास्टिंग घेतो आणि त्यांचं मशीनिंग करतो. कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्र्यांमध्ये जाऊन दोषाचं मूळ शोधणारं माणूस त्यांना हवं होतं. फाउंड्रीत वाढलेली ही मुलगी त्यांना पसंत पडली यात नवल नाही. सोमवारी ऑफर लेटर आलं. पुढच्या सोमवारपर्यंत सही करून परत पाठवा, असं त्यात लिहिलं होतं. बुधवारी तिच्या सध्याच्या साहेबांनी तिला बोलावलं आणि नव्या मोल्डिंग लाइनच्या क्वालिटीची सगळी जबाबदारी तिच्यावर सोपवली. त्यांना ऑफरचा पत्ताही नव्हता.

रात्री तिचा फोन आला. ‘‘काका, मला आत्ता चाकणला जायचं नाही. नवी लाइन उभी करायची संधी पुन्हा मिळणार नाही. पण ती माणसं मला आवडलीत हो. पुढे कधीतरी तिथं काम करायला आवडेल. असं लिहिता येतं का?’’

मी बावीस वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली. नकाराची पत्रं पुष्कळ वाचली, आणि न आलेल्या पत्रांची वाटही पुष्कळ पाहिली. म्हणून तिला म्हटलं, लिहिता येतं, पण आधी आज कोणता वार आहे ते बघ.

तारखेला एवढं महत्त्व का, हे कंपनीच्या आत बसलेल्यालाच कळतं. एका जागेसाठी मुलाखती होतात तेव्हा पहिल्या पसंतीच्या उमेदवारामागे बहुधा दुसराही कुणीतरी असतो. त्याला कुणी नाही म्हणत नाही, होही म्हणत नाही. एचआरमधली मुलं त्याला ‘प्रोसेस चालू आहे’ एवढंच सांगत राहतात. हा दुसरा माणूस आठवडा, फार तर दोन आठवडे थांबतो. पुतणीने त्या मुदतीत कळवलं तर कंपनी त्याच दिवशी त्याला फोन लावू शकते. तिने सही केली, साठ दिवसांचा नोटीस पिरियड जाऊ दिला आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी नाही म्हटलं, तर ते साठ दिवस गेले. नवा माणूस शोधायला महिना आणि त्याच्या नोटीसचे आणखी साठ दिवस धरले की खुर्ची पाच महिने रिकामी. त्या पाच महिन्यांत ज्या मॅनेजरला दुहेरी काम करावं लागतं, त्याच्यापुढे त्या मुलीचं नाव पुन्हा न्यायची हिंमत कोणत्याही एचआरला होत नाही. पत्र कितीही गोड असो.

सहीआधी नाही म्हणण्यात कायद्याची अडचण नसते. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे देकार स्वीकारला जात नाही तोवर करार होत नाही. सही करून पाठवल्यावर मात्र दिलेला शब्द मागे घ्यायचा असतो. तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवा, असा हुकूम न्यायालय देत नाही हे खरं. पण त्या पत्रात आभारापेक्षा माफी जास्त असावी लागते आणि दारही थोडंच उघडं राहतं. ती गोष्ट वेगळी.

पुतणीने गुरुवारी दुपारी मसुदा पाठवला. तो असा होता:

‘आपण दिलेल्या संधीबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. परंतु काही वैयक्तिक कारणांमुळे मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते. भविष्यात योग्य संधी असल्यास कृपया माझा जरूर विचार करावा.’

शिष्टाचाराला एकही ओरखडा नाही. पण एचआरच्या टेबलावर बसून मी हे वाचलं असतं तर काय समजलो असतो? ‘वैयक्तिक कारण’ म्हणजे दुसरीकडे जास्त पैसे मिळाले. ‘भविष्यात विचार करावा’ म्हणजे काहीच नाही, कारण ते सगळेच लिहितात. आमच्याकडे उमेदवारांची जी यादी असायची तिच्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. असं पत्र आलं की त्यात ‘ऑफर नाकारली’ एवढंच पडायचं. वर्षभराने तशीच जागा निघाली की कुणीतरी यादी उघडायचा आणि त्या नावावरून पुढे सरकायचा. राग नसायचा. हिला पुन्हा फोन करावा असं कारणच सापडायचं नाही. ते कारण पत्रात असावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं.

पुतणीपाशी तर दाखवण्यासारखं कारण होतं. नव्या लाइनच्या जबाबदारीमुळे ती आत्ता येऊ शकत नाही, हे सांगितल्याने ऑफर कमी पडली असा अर्थ निघत नाही. शिवाय त्या कामाला शेवट आहे, म्हणजे ती कधी मोकळी होईल तेही सांगता येतं. आणि एका फाउंड्रीची लाइन पहिल्या दिवसापासून स्थिरावताना पाहिलेली इंजिनिअर चाकणच्या त्या कामाला आजच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. सगळ्यांचं कारण इतकं सोयीचं नसतं. प्रवास झेपणार नाही, शिफ्ट जमणार नाही, काम अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं, असं काही असलं तर तेही एका वाक्यात लिहावं. त्यावरून निदान कोणत्या जागेसाठी फोन करायचा नाही ते कंपनीला कळतं. घरचं आजारपण किंवा असंच काही सांगायचं नसेल तर खुशाल ‘घरगुती कारण’ लिहावं, पण खोटं कारण रचू नये. चाकण आणि शिरोलीत पुरवठादार तेच, ऑडिटर तेच. चार महिन्यांत खरं बाहेर येतं.

लिहायच्या आधी मी तिला एक प्रश्न विचारला. ‘‘उद्या त्यांनी फोन करून पंधरा टक्के वाढवून दिले तर?’’

ती थांबली. मग म्हणाली, ‘‘तरी नाही.’’

हे आधी ठरवावं लागतं, कारण चांगल्या उमेदवाराचा नकार गेला की असा फोन पुष्कळदा येतो. उत्तर ‘मग विचार करीन’ असं असेल तर नकाराचं पत्र पाठवूच नये. सरळ फोन करून पगाराचं बोलावं, त्यात लाज नाही. पण नकार द्यायचा, कंपनीला वरून वाढीव मंजुरी आणायला लावायची आणि मग तरीही नाही म्हणायचं, हे मात्र लोक विसरत नाहीत. मंजुरी आणणाऱ्याची वरच्या माणसांपुढे शोभा होते.

मधे एक कन्सल्टंटही होता. त्यानेच तिचा बायोडेटा पुढे नेला होता. तिला वाटलं, त्यालाच कळवावं, तो सांगेल त्यांना. मी नको म्हटलं. कन्सल्टंटची फी बहुधा उमेदवार रुजू झाला की मिळते. वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा बाजारातला नेहमीचा दर आहे. ती फी हातची जाताना दिसली की तो आधी उमेदवाराला वळवायला बघतो. त्यात दोन दिवस जातात, आणि कंपनीला ‘ती अजून विचार करते आहे’ असं कळत राहतं. त्याचा दोष नाही, त्याचा धंदाच तो आहे. त्याला त्याच दिवशी कळवावं, पण निरोप स्वतःच द्यावा.

शुक्रवारी सकाळी तिने आधी एचआरच्या बाईंना फोन केला. तीन मिनिटांत झालं. अर्ध्या तासाने, ज्या मेलवर ऑफर आली होती तिलाच उत्तर म्हणून पत्र गेलं, म्हणजे पद, तारीख, ऑफरचा क्रमांक सगळं एका जागी राहिलं. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरांना प्रत लावली. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत ते साधारण असं:

‘सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, सप्लायर क्वालिटी इंजिनिअर या पदाची आपली ऑफर मी स्वीकारू शकत नाही, हे या पत्राने कळवते. आपण सोमवारपर्यंत मुदत दिली होती. पुढची व्यवस्था करायला आपल्याला वेळ मिळावा म्हणून आजच कळवत आहे.

याच आठवड्यात माझ्या सध्याच्या कंपनीने नव्या मोल्डिंग लाइनच्या क्वालिटीची जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. हे काम मी अर्धवट सोडू इच्छित नाही. लाइन स्थिर व्हायला पुढच्या मार्चपर्यंतचा काळ लागेल असा अंदाज आहे.

मशीनिंगला उघडे पडणारे ब्लोहोल कोणत्या फाउंड्रीतून, कोणत्या साच्यातून आले हे मागे शोधत नेण्याची आपल्या विभागाची पद्धत सरांनी मला शॉपवर दाखवली. ते काम मला फार आवडलं. मार्चनंतर अशा कामासाठी जागा असेल तर मला पुन्हा अर्ज करायला आवडेल. आपण दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहे.’

पहिल्या मसुद्याहून हे लांब आहे, पण त्यात आभार एकदाच आहेत आणि माफी कुठेच नाही. मुदतीत नाही म्हणण्यात माफी मागण्यासारखं काही नसतं. पहिल्याच वाक्यात नकार आहे. तो तिसऱ्या परिच्छेदात लपवला की घाईत वाचणारा होकार समजतो. असा घोटाळा झालेला मी पाहिला आहे, लॅपटॉपसुद्धा मागवून झाला होता. पगाराचा आकडा कुठे नाही. ब्लोहोलची ओळ तिने स्वतः घातली, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात कामाची तीच. कास्टिंगच्या कातडीखाली दडलेला वायूचा पोकळ डाग फाउंड्रीत दिसत नाही. मशीनवर कातडी निघाली की दिसतो, आणि मग दोष कुणाचा यावर दोन कारखाने भांडतात. ते भांडण मॅनेजरांच्या रोजच्या डोकेदुखीचं. हिने ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं, हे त्यांना त्या ओळीतून समजलं.

‘मार्चनंतर’ या शब्दावर आमचा थोडा वाद झाला. तिला ते आगाऊपणाचं वाटत होतं. मला वाटतं, महिना सांगता येत असेल तर सांगावा. नसेल तर मात्र रचू नये. एकदा लिहिला की पाळायची जबाबदारी आपली. कंपनी लक्षात ठेवणार नाही. मार्चमध्ये दोन ओळींची मेल आपणच करायची, त्याच जुन्या मेलखाली, म्हणजे समोरच्याला आठवायला त्रास पडत नाही.

शुक्रवारी दुपारी एचआरचा फोन आला, अपेक्षेप्रमाणे पैशाचा. ती नाही म्हणाली. बाईंनी ताणलं नाही. मॅनेजरांचं उत्तर शनिवारी आलं, एका ओळीचं: लाइनला शुभेच्छा, मार्चमध्ये कळव. सोमवारी दुसऱ्या उमेदवाराला ऑफर गेली, हे तिला कन्सल्टंटकडून कळलं. तो थोडा घुश्शात होता.

दिवाळीनंतर एकदा त्या मॅनेजरांचा तिला फोन आला होता. नोकरीचा नव्हता. दुसऱ्याच एका फाउंड्रीच्या कास्टिंगमध्ये मशीनिंगला भोकं निघत होती, आणि वाळूतला ओलावा तिथले लोक दिवसातून किती वेळा तपासत असतील, हे त्यांना तिच्याकडून हवं होतं.