होल्डमधली ओली माती

२ जानेवारी २०१५ च्या सकाळी व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘बल्क ज्युपिटर’ हे मालवाहू जहाज एका कुशीवर कलंडलं आणि बुडालं. जहाज जुनाट नव्हतं, २००६ सालची बांधणी होती. ते कुठे धडकलं नव्हतं, खडकावरही चढलं नव्हतं. मलेशियातल्या कुआंतान बंदरातून बॉक्साइट, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात ते खनिज, भरून ते चीनकडे निघालं होतं. जहाजावर १९ फिलिपिनो खलाशी होते. त्यांच्यातला एकच वाचला, तो जहाजाचा आचारी.

जहाजाच्या होल्डमध्ये ४६,४०० टन बॉक्साइट होतं. ते भरलं गेलं डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर हेच पावसाचे दिवस असतात, आणि त्या वर्षी तिथे महापूर आला होता. खनिजाचे ढीग उघड्यावर होते. जहाज बहामाच्या ध्वजाखाली चालत असल्याने चौकशी बहामाच्या सागरी प्राधिकरणाने केली. त्या अहवालात मालातल्या ओलाव्याचा आकडा आहे २१.३ टक्के. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात बॉक्साइटच्या नोंदीपुढे ओलावा लिहिला होता शून्य ते दहा टक्के. वजनाच्या हिशेबात पाहिलं तर २१.३ टक्के म्हणजे जवळपास ९,९०० टन पाणी. हे पाणी कुठे तुंबलेलं दिसत नव्हतं. ते मातीच्या कणाकणांत शिरून बसलं होतं.

माती ओली असली तर बिघडतं कुठे, असं कोणालाही वाटेल. ओल्या मातीचा ढीग कोरड्या मातीपेक्षा चांगला उभा राहतो, हे तर बांधकामावरच्या कोणत्याही मजुराला माहीत असतं. धोका नेमका इथेच लपलेला आहे. होल्डमध्ये भरताना हा माल घट्ट, स्थिर आणि वरवर कोरडाच दिसतो. ग्रॅबमधून पडतो तेव्हा त्याचा नीट शंकू होतो. हातात घेतला तर मुठीत वळतो, पण पाणी गळत नाही.

बारीक खनिजाचा ढीग उभा राहतो तो कण एकमेकांना टेकून, एकमेकांवर घासून. कणांच्या मधे पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत थोडी हवा, थोडं पाणी असतं. जहाज बंदर सोडून निघालं की इंजिनाची थरथर चोवीस तास सुरू राहते, लाटा जहाजाला डावीकडून उजवीकडे झोके देत राहतात. या हिसक्यांनी माल हळूहळू दबतो. कण जवळ सरकतात, पोकळ्या लहान होतात, हवा निघून जाते. पाणी मात्र हवेसारखं दाबून लहान होत नाही आणि बारीक कणांमधून त्याला चटकन वाटही सापडत नाही. पोकळ्या पाण्याने पुरत्या भरल्या की पुढच्या प्रत्येक धक्क्याचा भार कणांवर न येता पाण्यावर येतो. पाण्याचा दाब वाढतो आणि तोच कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. कणांची पकड सुटली की घर्षण संपलं. काही क्षणांपूर्वी ज्याच्यावरून माणूस चालत जाऊ शकला असता, तो माल दाट रबडीसारखा वाहू लागतो.

म्हणूनच मोठे दगड भरलेल्या जहाजाला ही भीती नसते, कारण दगडांच्या फटींतून पाणी सरळ खाली निथळतं आणि होल्डच्या तळाशी असलेल्या खड्ड्यांतून पंपाने उपसता येतं. अगदी कोरडी भुकटीही वाहत नाही, कारण तिथे दाब धरायला पाणीच नसतं. संकट उभं राहतं ते बारीक कण आणि पुरेसा ओलावा एकत्र आले तर.

लोहखनिज किंवा निकेलचं खनिज फार जड असतं. जहाजाची वजनाची मर्यादा गाठली जाते तेव्हा होल्ड अर्धासुद्धा भरलेला नसतो. त्यामुळे माल वाहू लागला तर त्याला सरकायला मोकळी जागा भरपूर असते. जहाज एका बाजूला झुकलं की हजारो टन चिखल त्या बाजूला धावतो. जहाज पुन्हा सरळ व्हायला जातं, पण सगळा चिखल परत येत नाही. काही भाग तिकडेच थिजून बसतो. पुढच्या झोक्याला कल आणखी वाढतो. पाच अंश, दहा, वीस, असं करत जहाज अशा कोनाला पोचतं की डेकवर पाणी चढतं आणि उघड्या वाटांमधून आत शिरतं. पहिला कल जाणवल्यापासून जहाज उलटेपर्यंतचा वेळ काही वेळा मिनिटांतच मोजावा लागतो. एवढ्या वेळात लाइफबोट उतरवणं सोपं नसतं, आणि जहाज एका कुशीवर गेल्यावर वरच्या बाजूची बोट तर उतरवताच येत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. समुद्रमार्गे सुटा घन माल नेण्याचे नियम ‘आयएमएसबीसी कोड’मध्ये आहेत आणि १ जानेवारी २०११ पासून तो कोड सर्व देशांच्या जहाजांना बंधनकारक आहे. जो माल वाहू लागू शकतो तो ‘ए’ गटात घातला जातो. असा माल पाठवणाऱ्याने जहाजाच्या कप्तानाला दोन आकडे लेखी द्यायचे असतात: मालात प्रत्यक्ष ओलावा किती आहे आणि किती ओलाव्यापर्यंत तो नेणं सुरक्षित आहे. दुसरा आकडा प्रयोगशाळेत काढतात. एका पद्धतीत खनिजाचा नमुना साच्यातून काढून एका छोट्या धातूच्या टेबलावर ठेवतात. टेबल साडेबारा मिलिमीटर वर उचलून खाली आपटतात, मिनिटाला २५ वेळा या गतीने, एकूण ५० वेळा. नमुन्यात थोडं थोडं पाणी वाढवत जातात. ज्या ओलाव्याला नमुना भेगा पडून ढासळण्याऐवजी पसरू लागतो, तो त्याचा वाहण्याचा बिंदू. सुरक्षित मर्यादा त्याच्या ९० टक्के धरतात. समजा एखादं खनिज १० टक्के ओलाव्याला वाहू लागलं, तर ९ टक्क्यांपेक्षा जास्त ओला माल साध्या जहाजात भरता येत नाही. ओलाव्याची चाचणी लोडिंगच्या आधी सात दिवसांच्या आतली असावी लागते, आणि मधे जोराचा पाऊस झाला तर ती पुन्हा करून घ्यावी लागते.

जहाजावर चीफ ऑफिसरच्या हातात असते ती डब्याची चाचणी. अर्धा ते एक लिटरचा पत्र्याचा डबा घ्यायचा, तो खनिजाने अर्धा भरायचा आणि वीतभर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर २५ वेळा आपटायचा, दर आपटीत एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवून. मग आत डोकवायचं. पृष्ठभागावर पाणी चमकलं किंवा माल लपलपीत झाला, तर लोडिंग थांबवून प्रयोगशाळेची चाचणी मागायची. पण या चाचणीचा अर्थ एकाच बाजूने लागतो. डब्यात पाणी दिसलं तर माल संशयास्पद आहे हे खरं. पाणी दिसलं नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. डब्यातली २५ आपट आणि समुद्रावरची दहा दिवसांची थरथर यांत फार मोठा फरक आहे. लोडिंगच्या घाईत ही गोष्ट विसरली जाते, आणि ती विसरण्याची किंमत बंदरावरचा माणूस नव्हे, जहाजावरचा माणूस देतो.

‘बल्क ज्युपिटर’च्या बाबतीत तर नियमाची चौकटच अपुरी पडली. बॉक्साइट तेव्हा ‘सी’ गटात होतं, म्हणजे न वाहणाऱ्या मालात. नियमपुस्तकातलं बॉक्साइट प्रामुख्याने ढेकळांचं आणि कमी ओलाव्याचं होतं; कुआंतानला भरलेला माल त्या वर्णनात बसत नव्हता. दुर्घटनेनंतर अभ्यासगट नेमला गेला. त्याने २०१७ मध्ये दाखवून दिलं की ओल्या, बारीक बॉक्साइटमध्ये आणखी एक प्रकार घडतो. हेलकाव्यांनी माल खाली दबत जातो आणि आतलं पाणी बारीक गाळासह वर येतं, मग मालाच्या माथ्यावर पातळ चिखलाचा थर इकडून तिकडे हेलकावू लागतो. जहाजाचं डुलणं तेव्हा नेहमीसारखं राहत नाही, ते वेळ चुकल्यासारखं, अडखळत डुलतं. अनुभवी खलाशाला हा बदल पायांखाली जाणवू शकतो. बारीक बॉक्साइटसाठी ‘ए’ गटातली वेगळी नोंद २०२१ पासून बंधनकारक झाली.

आपल्या किनाऱ्याला हा धोका २००९ च्या पावसाळ्यात कळला. जुलैमध्ये ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज लोहखनिजाची भुकटी घेऊन मंगळूरहून चीनकडे निघालं आणि बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात कललं. तटरक्षक दलाने सर्व १८ खलाशांना वाचवलं, जहाज बुडालं. सप्टेंबरमध्ये ओडिशातल्या पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ त्याच प्रकारचा माल घेऊन बुडालं आणि त्यात एकाचा जीव गेला. दोन्ही वेळा ऐन पावसाचे महिने होते. गोव्यात मांडवी आणि जुवारीतून बार्जेसनी मुरगावला जाणारा माल बहुतांशी हीच भुकटी असे, आणि जेट्टीजवळच्या प्लॉटांवर तिचे डोंगर पावसात भिजत पडलेले असत. समुद्र उघडला की ऑक्टोबरच्या आसपास पहिली जहाजं लागत, तेव्हा हा भिजका साठाच आधी उचलण्याचा मोह असे. ढिगाचा माथा उन्हाने लगेच सुकतो, पण गाभा अनेक आठवडे ओलाच राहतो. नमुना वरवरून घेतला तर कागदावर येणारा आकडा खोटा नसतो, फक्त तो ढिगाचा नसतो. या दुर्घटनांनंतर भारताच्या नौवहन महासंचालनालयाने लोहखनिजाची भुकटी भरण्याबाबत सविस्तर सूचना काढल्या.

इंटरकार्गो ही सुका माल वाहणाऱ्या जहाजमालकांची संघटना. तिने २००९ ते २०१८ या दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यात माल वाहू लागल्याने किंवा सरकल्याने नऊ जहाजं गेली आणि १०१ खलाशी मेले. या नऊपैकी सहा जहाजांत इंडोनेशियाचं निकेलखनिज होतं, दोनांत भारतातलं लोहखनिज आणि एकात मलेशियाचं बॉक्साइट. त्या सहांत १३ ऑक्टोबर २०१७ ला फिलिपिन्सच्या पूर्वेला बुडालेलं ‘एमराल्ड स्टार’ही आहे. त्यावरचे सर्व २६ खलाशी भारतीय होते. सोळा वाचले, दहा परतले नाहीत.

निकेलखनिजाची अडचण आजही सुटलेली नाही. ते कारखान्यातून चाळून, सारखं होऊन येत नाही. डोंगरउतारावरची चिकणमातीसारखी माती खणून ती थेट किनाऱ्यावरच्या ढिगांत टाकतात. एकाच जहाजाचा माल वेगवेगळ्या खड्ड्यांतून येतो, त्यामुळे एका ढिगाची सुरक्षित मर्यादा शेजारच्या ढिगाला लागू पडत नाही. त्यातल्या मोठ्या ढेकळांमुळे प्रयोगशाळेतली चाचणीही सरळ होत नाही. अनेक खाणी दुर्गम बेटांवर आहेत, तिथे जवळपास स्वतंत्र प्रयोगशाळा नसते. म्हणून जहाजमालकांच्या विमासंस्था अशा बंदरांत कप्तानाला सांगतात की माल पाठवणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, स्वतःचा सर्वेक्षक बोलवा, प्रत्येक ढीग खोलवर खणून नमुने घ्या आणि शंका वाटली तर लोडिंग थांबवा. तसा अधिकार कप्तानाला आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेला आहे, मग जहाज बंदरात कितीही दिवस खोळंबलं तरी.