गाणं इन्स्टाग्रामनंच दिलं, मग अडचण कसली?

समजा, साताऱ्यात एक छोटा लावणीचा क्लास आहे. उन्हाळी कार्यशाळेसाठी ताईंनी एक रील केली. ‘पिंजरा’तल्या एका लावणीचा वीस सेकंदांचा तुकडा, त्यावर नाचणाऱ्या चार मोठ्या मुली, मध्येच गूगलवरून उतरवलेला एका प्रसिद्ध अभिनेत्रीचा नऊवारीतला फोटो आणि शेवटी फी, वेळ, फोन नंबर. खाली एक ओळ: ‘सर्व हक्क मूळ मालकांकडे.’ रील छान झाली आहे आणि अशा शेकडो रील रोज दिसतातही. तरी या एकाच रीलमध्ये क्लासवाल्यांचे बहुतेक सगळे गैरसमज एकत्र आले आहेत, म्हणून तीच उलगडून पाहू.

गैरसमज: गाणं इन्स्टाग्रामच्या यादीतलं आहे, म्हणजे परवानगी आहेच

सगळ्यात पक्का रुजलेला आणि सगळ्यात महागात पडू शकणारा समज हाच. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिने संगीत कंपन्यांशी करार केलेले आहेत, हे खरं. पण मेटाच्या संगीतविषयक नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की व्यावसायिक किंवा वैयक्तिक नसलेल्या कामासाठी ते संगीत वापरायचं असेल, तर वापरणाऱ्याने स्वतः योग्य परवाना घेतलेला असला पाहिजे. भाचीने घरच्या गच्चीवर त्याच गाण्यावर नाच केला तर तो वैयक्तिक वापर. त्याच नाचाखाली ‘प्रवेश सुरू, फी अमुक’ असं आलं की ती जाहिरात झाली. गाणं तेच राहिलं, वापर बदलला.

म्हणूनच बिझनेस अकाउंटवर लोकप्रिय गाणी बहुधा दिसत नाहीत. त्यावर क्लासवाल्यांमध्ये एक युक्ती फिरते: अकाउंट ‘क्रिएटर’ करून टाका, गाणी परत येतात. येतात खरी, पण त्यामुळे रीलचा हेतू बदलत नाही. फक्त वाटेतली एक पाटी दिसेनाशी होते.

यात पहिली खूण मिळते ती बूस्ट करताना. पैसे भरून रील जास्त लोकांपर्यंत न्यायला गेलात आणि तिच्यात असं कॉपीराइट असलेलं गाणं असेल, तर इन्स्टाग्राम ती बूस्ट करू देत नाही. ही तांत्रिक अडचण समजून पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ज्या वापरासाठी परवाना नाही, तोच वापर तुम्ही करताय, असं ते ॲप सांगत असतं.

हा मुद्दा कोर्टात टिकतो का? अमेरिकेत टिकला आहे. बँग नावाचं एनर्जी ड्रिंक विकणाऱ्या कंपनीने टिकटॉकवरच्या आपल्या जाहिरातींत लोकप्रिय गाणी वापरली होती. गाणी टिकटॉकवर उपलब्ध होती, असा तिचा बचाव होता. 2022 मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टाने तो मानला नाही आणि कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंत हक्कभंग झाल्याचा निर्णय दिला. साताऱ्याच्या क्लासला तो निकाल बंधनकारक नाही, पण ॲपने दिलेला परवाना जाहिरातीपर्यंत पोचतोच असं नाही, हे त्यातून नीट कळतं.

गैरसमज: तीस सेकंदांपर्यंत चालतं, शिवाय श्रेय दिलं आहे

कुणी सात सेकंद सांगतो, कुणी पंधरा, कुणी तीस. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असा कोणताही आकडा नाही. अगदी किरकोळ वापराकडे कोर्ट दुर्लक्ष करू शकतं, हे मात्र खरं. 2012 मध्ये इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने तशी भूमिका घेतली होती. पण तिथेही घड्याळ लावून निकाल दिला नव्हता. नुकसान किती आणि कोणत्या प्रकारचं, वापराचा हेतू काय, असे प्रश्न न्यायालयाने पाहिले. लावणीचा मुखडा उचलून त्यावर क्लासची जाहिरात करणं म्हणजे गाण्याचा सर्वांत ओळखीचा भाग नेमका गिऱ्हाईक ओढायला वापरणं. वीस सेकंद ‘फक्त वीस’ आहेत, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

श्रेयाचं तर दोन वाक्यांत आटपतं. कलावंताचं नाव देणं हे सौजन्य आहे आणि काही परवान्यांत ती अटही असते, पण परवानगीची जागा ते घेत नाही. उलट ‘हक्क मूळ मालकांकडे’ असं लिहून आपण गाणं दुसऱ्याचं आहे हे माहीत असल्याची कबुलीच देतो.

गैरसमज: आमच्याकडे गॅदरिंगचा परवाना आहे

वार्षिक कार्यक्रमासाठी हॉलवाले परवान्याचा कागद मागतात, म्हणून पीपीएल किंवा आयपीआरएस ही नावं क्लासवाल्यांना माहीत असतात. तो परवाना लोकांसमोर गाणं वाजवण्याचा. गाणं चित्रफितीला जोडणं हा वेगळा हक्क. धंद्यात त्याला सिंक म्हणतात. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि शब्द-चालीच्या हक्कधारकाची अशी दोघांची परवानगी लागते. चित्रपटगीतांत हे दोन्ही हक्क पुष्कळदा एकाच संगीत कंपनीकडे सापडतात, तेव्हा निदान पत्र एकालाच लिहावं लागतं. शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला कायद्यात काही सवलत आहे, पण ती वर्गातल्या शिकवणीसाठी. नवे विद्यार्थी मिळवण्याच्या जाहिरातीला ती लागू होत नाही.

गैरसमज: एवढं जुनं गाणं, आता कुणाचं असणार?

इथे जरा थांबायला हवं, कारण लावणीवाल्यांच्या फायद्याची वाट याच प्रश्नातून निघते.

एका गाण्यावर निदान दोन घड्याळं चालू असतात. ध्वनिमुद्रणाचं घड्याळ प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतं. शब्द आणि चाल यांचं घड्याळ मात्र कवी आणि संगीतकार जिवंत असेपर्यंत, आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढची साठ वर्षं. ‘पिंजरा’ 1972 चा, म्हणजे त्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क 2032 च्या अखेरीपर्यंत आहेत. गीतकार जगदीश खेबुडकर 2011 मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचे हक्क 2071 अखेरपर्यंत चालतील. म्हणजे 2033 उजाडलं तरी ते गाणं मोकळं होणार नाही.

आता दुसरं टोक पाहा. पठ्ठे बापूराव 1945 मध्ये गेले. त्यांच्या रचना 2006 पासून कुणाच्याही हक्कात नाहीत. राम जोशी तर पेशवाईतले, तिथे प्रश्नच उद्भवत नाही. शब्द मोकळे आहेत, पण त्या शब्दांचं अलीकडे कुणी केलेलं ध्वनिमुद्रण मोकळं नाही, आणि त्यांना नव्या संगीतकाराने बांधलेली नवी चालही नाही. तुकोबांच्या अभंगांनाही हेच लागू. अभंग सर्वांचे, पण विशिष्ट गायकाची विशिष्ट कॅसेट तिच्या कंपनीची.

म्हणून साताऱ्याच्या क्लाससाठी माझ्या मते सर्वांत चांगला उपाय क्लासमध्येच बसलेला असतो. ढोलकीवाल्याला आणि पेटीवाल्याला बोलवावं, पठ्ठे बापूरावांची रचना परंपरागत चालीत किंवा स्वतः बांधलेल्या चालीत गाऊन घ्यावी, नाहीतर नुसती ढोलकी आणि घुंगरं मुद्रित करावीत. ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन मुद्रण करवलं, तो कायद्याने त्या ध्वनिमुद्रणाचा निर्माता. इथे ताईच निर्मात्या. वाजवणाऱ्यांचा कलावंत म्हणून वेगळा हक्क असतो आणि नवी चाल कुणी बांधली असेल तर तिचा हक्क त्याचा. म्हणून त्यांच्याकडून एका पानावर लेखी संमती घ्यावी. त्या पानावर दोन गोष्टी विसरू नयेत: मुदत आणि प्रदेश. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. रील दुबईतल्या मावशीलाही दिसते, तेव्हा ‘जगभर, कायमस्वरूपी, सर्व समाजमाध्यमांवर’ असं नीट लिहावं.

एवढा खटाटोप नको असेल तर मेटाचं साउंड कलेक्शन आहे. त्यातलं संगीत व्यवसायासाठी चालतं, पण ते मेटाच्याच माध्यमांपुरतं. तीच रील उतरवून यूट्यूबवर टाकली की तो परवाना सोबत जात नाही. ‘नो कॉपीराइट म्युझिक’ असं लिहिलेल्या फायलींबाबतही सावध राहावं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात NC ही अक्षरं असतील तर जाहिरातीला ते संगीत चालत नाही. ND असेल तर नाचाच्या व्हिडिओलाही जोडता येत नाही, कारण संगीत चित्राला जोडणं हा त्या परवान्याच्या दृष्टीने मूळ कृतीत केलेला बदल ठरतो. नुसतं BY असेल तर नाव देऊन खुशाल वापरावं.

आणि फोटो?

गूगल हे फोटोंचं दुकान नाही. तिथे दिसणाऱ्या प्रत्येक फोटोचा मालक दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो. अभिनेत्रीच्या फोटोत अडचण दुहेरी. फोटो काढणाऱ्याचा किंवा संस्थेचा कॉपीराइट, आणि शिवाय स्वतःच्या चेहऱ्याचा व्यापारी वापर कोण करणार हे ठरवण्याचा त्या व्यक्तीचा हक्क. गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्यांचं नाव, आवाज आणि प्रतिमा यांच्या परवानगीशिवायच्या व्यापारी वापराला मनाई केली होती. अभिनेत्रीचा फोटो क्लासच्या जाहिरातीत टाकला की तिचा क्लासशी काही संबंध आहे असं पालकांना वाटू शकतं. आणि टाकणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं.

स्वतःच्या गॅदरिंगचे फोटो तरी आपले ना? क्लासने पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक कायद्याने क्लासच. पण एखाद्या विद्यार्थिनीच्या काकांनी हौसेने कॅमेरा आणून फोटो काढले असतील, तर ते काकांचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर आले म्हणून ते जाहिरातीसाठी खुले झाले असं नाही. काकांना विचारावं, लेखी होकार घ्यावा. फोटोतल्या लहान मुलींसाठी पालकांची संमती हा आणखी वेगळा विषय. ती प्रवेशअर्जातच स्वतंत्र रकाना करून, सही घेऊन मिळवणं सोपं. ‘जाहिरातीसाठी’ हा शब्द त्यात असायलाच हवा.

प्रत्यक्षात त्रास कसा सुरू होतो? बहुतेक वेळा रीलचा आवाज बंद होतो किंवा रील काढली जाते. वारंवार घडलं तर अकाउंटच बंद होऊ शकतं. यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ यांत फरक आहे. क्लेममध्ये व्हिडिओ बहुधा राहतो, पण त्याची कमाई हक्कधारकाकडे जाऊ शकते. स्ट्राइक मात्र गंभीर. नव्वद दिवसांत तीन आल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. वकिलाची नोटीस ही त्याच्या पुढची पायरी. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. लहान क्लासवर गोष्ट तिथवर जाणं कठीण, पण नोटीस आली तर ती बाजूला टाकू नये. रील ताबडतोब उतरवून, काय आणि केव्हा उतरवलं याची नोंद ठेवून, उत्तर वकिलाकडूनच जावं.

राहिल्या जुन्या रील. ज्यांत फी, प्रवेश किंवा फोन नंबर आहे आणि गाणं चित्रपटातलं आहे, त्या आधी अर्काइव्ह कराव्यात. मुलींच्या नाचाचं मूळ चित्रीकरण फोनमध्ये असेल तर ढोलकीच्या नव्या मुद्रणाची लय त्या नाचाला जुळवून तीच रील पुन्हा बांधता येते. यापुढे मूळ, विना-गाण्याची फाइल जपून ठेवावी, म्हणजे गाणं बदलायची वेळ आली तर मुलींना पुन्हा नाचायला लावावं लागणार नाही.