आगाऊ पैसे, उधार डॉलर आणि व्याजाचा संशय

इस्लामी व्यवहारशास्त्रात व्याज निषिद्ध आहे एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून दोन समजुती पसरल्या आहेत. एक अशी की मुदतीमुळे भाव कमीजास्त झाला की ते व्याजच. दुसरी अशी की पैसे आधी आणि माल नंतर म्हटले की तो ‘सलम’ झाला आणि सगळे चालते. दोन्ही चुकीच्या आहेत. धर्मशास्त्रज्ञांनी घातलेल्या अटींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: व्यवहारातली कोणती बाजू उधार राहू शकते? माल आणि पैसा यांच्या अदलाबदलीत एक बाजू उधार चालते, दोन्ही नाहीत. दोन्हीकडे पैसाच असेल, तर एकही नाही.

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीतला एक टॉवेल कारखानदार कल्पूया. त्याला दोन महिन्यांनी चार हजार किलो वीस काउंटचे सूत लागणार आहे. बाजारभाव किलोला २५० रुपये धरू. सूतवाल्याला आज पैशांची गरज आहे, म्हणून तो २३५ ने द्यायला तयार होतो. कारखानदार ९,४०,००० रुपये आजच मोजतो. हा सलम. मदिनेत लोक खजुराचे पैसे एक-दोन वर्षे आधी देत, तेव्हा पैगंबरांनी ती प्रथा बंद केली नाही. माप, वजन आणि मुदत ठाऊक असावी, एवढे सांगितले. म्हणून करारात काउंट, प्रत, वजन, तारीख आणि माल कुठे उतरवायचा हे लिहावे लागते. ‘अमुक गिरणीच्या अमुक लॉटमधलेच सूत’ असे मात्र लिहिता येत नाही, कारण तो लॉट बिघडला तर देण्यासारखे काही उरत नाही. त्या प्रतीचे सूत ठरल्या तारखेला बाजारात मिळणारे असले पाहिजे. हनफी मतानुसार तर कराराच्या दिवसापासून सतत. जवळ नसलेली वस्तू विकू नये या नियमाला सलम हा अपवाद आहे, आणि तो अशा वर्णनावर उभा आहे.

इथे हरकत येते की किलोमागचे १५ रुपये म्हणजे व्याजच की. तसे नाही. कर्ज देणाऱ्याला ठरलेली रक्कम परत मिळते. कारखानदाराला सूत मिळते. दोन महिन्यांनी भाव २२० वर आला, तर त्याच्या हाती ८,८०,००० चा माल येतो आणि ६०,००० चा तोटा त्याचाच. निषिद्ध अनिश्चितता, म्हणजे ‘गरर’, ही काय आणि केव्हा मिळणार याविषयीची आहे. बाजाराच्या चढउताराची नव्हे. संशय खरा ठरतो तो वेगळ्या ठिकाणी: सूत ताब्यात येण्याआधीच ते त्याच सूतवाल्याला दहा लाखांना परत विकले, तर मधले सूत नावापुरते आणि उरते ते ६०,००० चे व्याज. म्हणूनच ताब्याआधी विक्रीला बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांची मनाई आहे. माल आलाच नाही, तर खरेदीदाराने थांबावे किंवा दिलेले ९,४०,००० परत घ्यावेत. उशिराबद्दल वर काही घ्यायचे नाही. तारण मात्र मागता येते.

आपल्याकडची नेहमीची रीत म्हणजे दहा टक्के विसार आणि बाकी माल आल्यावर. सोयीची असली तरी ती सलम नाही, कारण बाकी नव्वद टक्क्यांत पैसाही उधार आणि मालही उधार. चार सुन्नी मतांपैकी तीन मतांनुसार पूर्ण किंमत बैठकीतच द्यावी लागते. मालिकी मत फार तर तीन दिवसांची सवलत देते.

आता चलन. रुपये देऊन डॉलर घेताना नफा झाला की ते व्याज, ही समजूतही खोटी. चलने वेगळी असतील तर दर काहीही ठरवा, पण देवाणघेवाण तिथल्या तिथे करा. सोने-चांदीसाठी सांगितलेला हा नियम ‘सर्फ’. कागदी चलन हा खराच पैसा आहे असा निर्णय इस्लामी फिकह अकादमीने १९८६ मध्ये दिला, म्हणून तोच नियम नोटांना लागू होतो. डॉलरचा आजचा दर ८५ धरा. कुणी आज आठ लाख रुपये देऊन तीन महिन्यांनी दहा हजार डॉलर घ्यायचे ठरवले, तर त्याला सलमचे नाव देता येत नाही. आजच्या दराने ते साडेआठ लाख होतात. वरचे पन्नास हजार हे दरात लपवलेले मुदतीचे मोल आहे. उपखंडातल्या तकी उस्मानींसारख्या हनफी विद्वानांनी वेगवेगळ्या चलनांत एक बाजू उधार ठेवायला वाव दिला आहे, पण त्या दिवसाच्या बाजारदरानेच, म्हणजे हीच पळवाट बुजवून.

निर्यातदाराची खरी अडचण याहून मोठी आहे. टॉवेलचे डॉलर तीन महिन्यांनी येणार, म्हणून तो बँकेत आजच दर पक्का करतो. हा सट्टा नाही, संरक्षण आहे, असे तो म्हणेल, आणि त्याचा हेतू तसा असतोही. पण या फॉरवर्ड करारात रुपये आणि डॉलर दोन्ही उधार आहेत आणि दोन्ही पक्ष बांधले गेले आहेत; हेतू चांगला असला तरी करार बदलत नाही. एकाच पक्षाने दिलेले वचन आयोफी या इस्लामी वित्तसंस्थांसाठीच्या मानकसंस्थेची मानके चालवून घेतात, दोन्ही पक्षांना बांधणारे वचन नाही. तेव्हा ही अट पाळणाऱ्या निर्यातदाराला दराची जोखीम बऱ्याच अंशी स्वतःच पेलावी लागते, किंवा ग्राहकाशी रुपयांत भाव ठरवावा लागतो.